चेकआउटला मिनीबारच्या बिलावरून वाद: काउंटरवर नेमकं काय बोलावं?

काउंटरवरून

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. नव्याने लागलेल्या मुलामुलींना काउंटरवर उभं राहायला शिकवणं माझ्याकडेच असतं. चेक-इन ती लवकर शिकतात. अडतात ती चेकआउटला, आणि त्यातही मिनीबारपाशी.

प्रसंग रोजचाच आहे. सकाळचे साडेसहा, पाहुण्यांना ७.१५ ची डेक्कन क्वीन पकडायचीय, रिक्षा दारात. बिलात मिनीबारचे ७५० रुपये: काजूचं पाकीट ३५०, चॉकलेट २५०, सोड्याचा कॅन १५०, कर वेगळा. पाहुणे म्हणतात, "मी फ्रीजला हातसुद्धा लावला नाही." आणि आमचा मुलगा म्हणतो, "सर, हाउसकीपिंगने चेक केलंय." वाक्य खरं आहे, पण त्याचा अर्थ "तुम्ही खोटं बोलताय" असाच पोचतो. पाहुणे तिथेच चढ्या आवाजात बोलू लागतात आणि मागे उभे असलेले चार जण आपापली बिलं उलगडून बघायला लागतात.

माझं मत आधी सांगते. ही रक्कम बहुतेक वेळा काढून टाकावीच लागते आणि काढावीही. आम्ही ती काढतोच. पण काढताना जे बोलतो त्याने पैसेही जातात आणि माणूसही जातो. "ठीक आहे सर, या वेळी सोडते" या वाक्याचा मला मनापासून राग आहे. घेतलं नसेल तर त्यांना माफी कसली देताय? आणि घेतलं असेल, तर आता ते कधीच कबूल करणार नाहीत. सातशे रुपये सोडूनही माणूस अपमान घेऊनच गेला.

तर मला तत्त्वं नकोत, वाक्यं हवीत. तोंडातून बाहेर पडतील अशी. सध्या मी शिकवते ती ही: "बरं सर. मग ते आमच्याकडूनच चुकून लागलंय, आत्ता काढते." त्यानंतर गप्प राहायचं, नवा कागद काढायचा, "आता एकूण इतके झाले, एकदा नजर टाका" म्हणायचं आणि मिनीबार हा शब्द पुन्हा काढायचा नाही.

हॉटेलात काम केलेले, नेहमी हॉटेलात राहणारे, सगळ्यांचे अनुभव हवेत.

कोथरूडचा_बाळू

वाक्यं कसली शिकवताय! २० रुपयांची पाण्याची बाटली १५० ला लावता हाच मूळ गुन्हा. छापील किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेणं बेकायदा आहे. ग्राहक मंचात गेलं तर हॉटेलवाल्यांची पळता भुई थोडी होईल. मी तर चेक-इनलाच सांगतो, फ्रीज रिकामा करा.

आगाऊ_पुणेकर

बाळूशेठ, तुमच्यासारखे पाहुणे असतील तर हॉटेलवाले आपणहून फ्रीज रिकामा करतील, आणि कुलूपही लावतील. 🙂

जुना_कारभारी

या कामात उभी हयात गेली, आता निवृत्त आहे. ताईंचा प्रश्न योग्य आहे आणि "या वेळी सोडते" बद्दलचा रागही. पण त्यांच्या वाक्याच्या एक पायरी आधी थांबू या, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात.

"मी फ्रीजला हात लावला नाही" असं म्हणणारा माणूस पुष्कळदा शब्दशः खरं बोलत असतो. काजू फ्रीजमध्ये नव्हतेच. ते फ्रीजच्या वर, चहाच्या किटलीशेजारी ट्रेमध्ये होते. ज्याला तुम्ही मिनीबार म्हणता तो त्याच्या लेखी चहाचा ट्रे. त्याने चहाची पुडी फुकट म्हणून वापरली, शेजारचे काजूही फुकट समजून खाल्ले. पाण्याचंही तेच. दोन प्लास्टिकच्या बाटल्या मोफत, आणि काचेची, सुंदर लेबलाची, तिला पैसे. रात्री दोन वाजता तहान लागलेला माणूस लेबल वाचत नाही.

म्हणून "मिनीबारचे ७५० आहेत" असं म्हणूच नका. वस्तूचं वर्णन करा आणि जागा सांगा. "सर, यात तीन वस्तू आहेत. किटलीच्या ट्रेमधलं काजूचं निळं पाकीट, एक चॉकलेट, आणि फ्रीजच्या दारातला सोड्याचा कॅन." इतकं बोलून थांबायचं. पाहुणा स्वतःच म्हणतो, "अरे हो, काजू खाल्ले की. ते पैशाचे होते होय?" आता तो पैसे देईल किंवा कुरकुर करेल, पण त्याला खोटं ठरवलंय असं त्याला वाटणार नाही.

दोन वाक्यं मात्र मेलो तरी बोलायची नाहीत. एक, "मुलांनी घेतलं असेल." आईबापासमोर पोरावर आळ. आणि दुसरं, "खोलीत अजून कोणी होतं का?" हे एका नव्या पोराने एका गृहस्थांना विचारलं, शेजारी त्यांच्या पत्नी उभ्या. पुढचं सांगत नाही.

आगाऊ_पुणेकर

कारभारी, पुढचं सांगाच.

जुना_कारभारी

नाही.

मृद्गंधा

मला नेमका हाच प्रश्न विचारायचा होता, पैसे परत कसे मिळवायचे? दुसऱ्या शहरातल्या एका हॉटेलात आईबरोबर राहिले होते. आईचं इन्सुलिन ठेवायला फ्रीजमधल्या चार-पाच बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. एकही उघडली नाही, निघताना जशाच्या तशा परत लावल्या. चेकआउटला काही बोलले नाहीत. घरी आल्यावर कार्डावरून पैसे गेल्याचा मेसेज! फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणते, "मॅडम, सिस्टीममध्ये दिसतंय ना." सिस्टीमने काय बाटली पिताना पाहिलं मला?

काउंटरवरून

@मृद्गंधा, धाग्याचा प्रश्न थोडा उलट्या बाजूचा आहे, पण तुमचं उदाहरण फार कामाचं आहे. तो फ्रीज सेन्सरचा असणार. त्यात बाटली जागेवरून उचलली आणि ठरावीक सेकंदांत परत ठेवली नाही, की पैसे आपोआप खोलीच्या खात्यावर चढतात. कोणी प्यायलं की नाही हे त्याला कळत नाही. अशा वेळी हॉटेलने माणूस पाठवून बाटल्या मोजायच्या असतात. "सिस्टीममध्ये दिसतंय" हे उत्तरच नव्हे. त्यांना मेल करा, बिलाचा क्रमांक द्या, आणि बाटल्या सीलबंद परत ठेवल्या होत्या, त्या खोलीचा साठा मोजला होता का, एवढं विचारा. हा प्रश्न नेमका असतो, त्याला टाळाटाळीचं उत्तर देता येत नाही.

आणि पुढच्या वेळी औषध असेल तर चेक-इनलाच सांगा, फ्रीज रिकामा करून देतात. मात्र बरेच मिनीबार आवाज न करणारे असतात, म्हणून ते घरच्या फ्रीजइतके गार होत नाहीत. इन्सुलिनसाठी हॉटेलच्या किचनमधला किंवा डॉक्टरांच्या खोलीतला फ्रीज आहे का, हे विचारलेलं बरं.

@जुना_कारभारी, वस्तूचं वर्णन आणि जागा हे मी उद्यापासूनच सुरू करते.

दुसरा_मजला

मी हाउसकीपिंगला आहे, सुपरवायझर. धागा वाचून बरं वाटलं नाही, म्हणून स्पष्ट लिहिते.

"आमच्याकडूनच चुकून लागलंय." हे 'आमच्याकडून' म्हणजे कोणाकडून? काउंटरवरच्या माणसाकडून तर नाही. म्हणजे माझ्या मजल्यावरच्या मुलीकडून. ती सकाळी खोलीत गेली, कचऱ्याच्या डब्यात काजूचं रिकामं पाकीट पाहिलं, चॉकलेटचा कागद पाहिला, शीटवर लिहिलं, खाली फोन केला. आणि तुम्ही वर गोड हसून सांगता की चूक झाली. पाहुणे खूश. महिनाअखेरीला मीटिंगमध्ये कागद निघतो: मिनीबार पोस्टिंगच्या चुका इतक्या, अमुक मजला, अमुक मुलगी. तिला विचारणा होते. काही ठिकाणी पगारातून कापतातही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्याकडून चुका होत नाहीत असं नाही. होतात, आणि कुठे होतात तेही सांगते. आधीचा पाहुणा गेला, खोली घाईत लावली, फ्रीजची मोजणी राहिली. मग त्याने खाल्लेलं पुढच्याच्या नावावर. किंवा दोन दिवस दारावर 'डू नॉट डिस्टर्ब' होतं, तिसऱ्या दिवशी उघडलं तर कालचं कुठलं आणि आजचं कुठलं कळत नाही. पण हे शोधता येतं. चेक-इनच्या दिवशीच्या शीटवर वेळ आणि सही असेल आणि समोर 'पूर्ण' लिहिलं असेल, तर आधीच्या पाहुण्याचा प्रश्न येत नाही. ती सही नसेल तर मी स्वतः म्हणते, काढा पैसे.

पाहुण्याचं मन राखायचं म्हणून माझ्या मुलीच्या माथी चूक मारायची, हे मला मान्य नाही.

वाचनमात्र_होतो

दुसरा_मजला यांना +१. ही बाजू कधी डोक्यातच आली नव्हती.

हिशेबनीस

बाळूसाहेबांसाठी आधी. छापील किमतीचा तुमचा मुद्दा दुकानापुरता बरोबर आहे. हॉटेल-रेस्टॉरंटांबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये निकाल दिलाय. तिथे बाटलीबरोबर जागा आणि सेवा मिळते, ती साधी विक्री नाही, म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं. तेव्हा काउंटरवर त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. किमतीचं कार्ड खोलीत ठेवलं नव्हतं, असा मुद्दा काढलात तर तो जास्त टिकेल.

आता ताईंना, हिशेबाच्या बाजूने एकच गोष्ट. हे सगळं संभाषण अंतिम बिल निघायच्या आधी व्हायला हवं. टॅक्स इन्व्हॉइस काढल्यावर रक्कम कमी करायची तर क्रेडिट नोट काढावी लागते. बिल कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर असेल आणि तुमचं हॉटेल ई-इन्व्हॉइसच्या कक्षेत असेल, तर ते पोर्टलवर दुरुस्त होत नाही. २४ तासांच्या आत आख्खं रद्द करता येतं, त्यानंतर तेही नाही. म्हणजे १५० रुपयांच्या सोड्यासाठी तीन माणसांचा अर्धा तास. तेव्हा आधी नुसता माहितीचा कागद समोर ठेवायचा, "एकदा नजर टाका, मग पक्कं बिल काढते" म्हणायचं. हे वाक्य ऐकलं की पाहुण्यालाही कळतं की अजून काही बदलायचं असेल तर बदलता येतंय. त्याचा सूर चढत नाही.

हिंजवडी_पाहुणा

मी महिन्यातून निम्मे दिवस हॉटेलात असतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो.

मला ७५० रुपयांचा राग येत नाही, ते कंपनी देते. किंबहुना देत नाही, तीच अडचण आहे. आमच्याकडे खोली आणि नाश्ता कंपनीचा, बाकी सगळं आपलं. बिलात 'मिनीबार' अशी एक ओळ दिसली की अकाउंट्सची मुलगी मेल करते, मॅनेजरला कॉपी. मग मी काउंटरवर हुज्जत घालतो ती पैशासाठी नाही, त्या ओळीसाठी. एका हॉटेलातल्या मुलीने हे बरोबर ओळखलं. तिने काहीही न विचारता म्हटलं, "सर, हे दोन कागदांवर करू का? खोली आणि नाश्ता कंपनीच्या नावावर, आणि हे छोटं तुमच्या नावावर." मी दोन मिनिटांत पैसे देऊन मोकळा. खरं तर तो कॅन मी घेतला की नाही हे मला आजही आठवत नाही.

दुसरं, वाट बघायला लावू नका. "जरा बसा सर, फ्लोअरला विचारते" हे वाक्य मला सगळ्यांत अपमानास्पद वाटतं. मी सोफ्यावर बसायचं आणि वर कोणीतरी माझा कचऱ्याचा डबा उपसायचा! लोहगावला पोचायला किती वेळ लागेल याची पुण्यात खात्री नसते, त्यात हे.

आणि कृपा करून मोठ्याने वाचू नका. बरोबर क्लायंट उभा असतो.

मांडववाले

मोठ्याने वाचण्यावरून आठवलं. मी लग्नांचं व्यवस्थापन करतो, पाहुण्यांच्या खोल्या हॉटेलांत घेतो. सांगतो तो प्रसंग पुण्यातल्याच एका हॉटेलातला.

वरपक्षाच्या आठ खोल्या, सगळ्यांचं एकत्र बिल मुलीचे वडील देणार. सकाळी काउंटरवर काका उभे, शेजारी विहीणबाई आणि त्यांच्या दोन जावा. मुलाने स्वच्छ खणखणीत आवाजात वाचलं, "रूम ४०६, बिअर दोन, चिप्स एक." ४०६ मध्ये नवरदेवाचे मामा होते, आणि त्यांनी नुकतंच माळ घालून सगळं सोडल्याचं गावभर सांगितलेलं. त्या शांततेचं काय वर्णन करू! काकांनी पैसे दिले, पण ते हॉटेल आमच्या यादीतून कायमचं गेलं. वास्तविक हॉटेलचं एक पैशाचंही चुकलं नव्हतं.

आता मी काय करतो ते सांगतो. लग्नाच्या खोल्यांमधले फ्रीज आदल्या दिवशीच रिकामे करायला सांगतो, नुसतं पाणी ठेवायचं. बहुतेक हॉटेलं हे आनंदाने करतात. आणि तरीही काही लागलंच, तर काउंटरवरच्या माणसाने कागद काकांकडे फिरवायचा, पेनाचं टोक त्या ओळीवर ठेवायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "काका, एवढी एक ओळ वेगळी ठेवते. ज्यांची आहे त्यांच्याकडून मी परस्पर घेते." वस्तूचं नाव घ्यायचं नाही. काका वाचतात, समजतात, मान हलवतात.

जुना_कारभारी

मांडववाले, कागद फिरवणं हे अगदी खरं. माझ्या वर्णनाच्या सल्ल्यालाही ही मर्यादा घालायला हवी: काजू, चॉकलेट, पाणी असेल तर तोंडाने सांगा. दारू असेल, किंवा पाहुण्याबरोबर आणखी कोणी असेल, तर फक्त बोट दाखवा.

आता दुसरा_मजला यांच्या तक्रारीकडे येतो, कारण ती या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. पाहुण्याशी बोलायचं वाक्य आणि सिस्टीममध्ये लिहायचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटरवरची मुलं दोन्ही एकच करून टाकतात. पाहुण्याला "आमची चूक" म्हटलं, की वजावटीच्या नोंदीतही 'पोस्टिंगची चूक' हेच कारण निवडतात. यादीत ते सगळ्यांत वर असतं, हेही एक कारण. तिथून ते रात्रीच्या ऑडिटला जातं, आणि महिनाअखेरीला त्या मुलीच्या नावावर निघतं. कारण 'पाहुण्याने नाकारलं' असं वेगळं असायला हवं, आणि तेच निवडलं पाहिजे. मी माझ्या वेळेला हे वेगळं करून घेतलं होतं. सही नसलेली शीट सापडली तरच 'पोस्टिंगची चूक'.

आणि वाक्यही बदलता येईल. चूक कोणाची हे बोलायचंच कशाला? "तुम्ही घेतले नाहीत ना, मग ते तुमच्या बिलात राहायला नकोत. काढते." बास. यात पाहुणा खरा ठरतो आणि मजल्यावरची मुलगी खोटी ठरत नाही.

काउंटरवरून

हे वाक्य पटलं. "आमच्याकडूनच चुकलं" आजपासून बंद. दुसरा_मजला, तुमच्या मुलींच्या मीटिंगमध्ये काय होतं हे आमच्याकडे कोणी सांगत नाही. लिहिलंत ते फार बरं केलंत.

आता सगळ्यांचं ऐकून डेक्कन क्वीनवाल्या पाहुण्यांचा तोच प्रसंग पुन्हा मांडून बघते. चुकत असेल तर सांगा.

आदल्या रात्री नऊच्या सुमारास खोलीत फोन: "सर, उद्या लवकर निघताय. बिल आत्ताच तयार ठेवू का, म्हणजे सकाळी थांबावं लागणार नाही?" ते हो म्हणाले की, "यानंतर ट्रेमधलं किंवा फ्रीजमधलं काही घेतलंत तर सकाळी मला फक्त सांगा." हा फोन सगळ्यांना जमणार नाही, पण सातच्या आत निघणाऱ्यांना तरी करायचा. ते थोडेच असतात.

सकाळी काउंटरवर माहितीचा कागद फिरवून: "एकदा नजर टाका सर, मग पक्कं बिल काढते."
पाहुणे: "हे ७५० कसले? मी फ्रीज उघडलाच नाही."
आमची मुलगी: "तीन वस्तू आहेत सर. किटलीच्या ट्रेमधलं काजूचं पाकीट, चॉकलेट, आणि फ्रीजच्या दारातला सोडा."
पाहुणे: "सोडा घेतला होता. बाकी नाही."
"बरं. मग काजू आणि चॉकलेट तुमच्या बिलात राहायला नकोत. काढते. सोड्याचे दीडशे तेवढे ठेवते." आणि लगेच, न थांबता, "स्टेशनला रिक्षा सांगू का?"

सहाशे रुपये गेले, दीडशे आले. रिक्षाचं वाक्य मी मुद्दाम घातलंय. रक्कम काढल्यावर जी शांतता पसरते तिच्यात पाहुण्यांना वाटतं की आपल्यावर उपकार झाले किंवा आपल्यावर संशय आहे. पुढचं काम लगेच सुरू केलं की ती शांतता राहत नाही.

मुलांना स्वतःच्या अधिकारात किती रक्कम काढता यावी, हा माझ्या हातातला प्रश्न नाही. पण ड्युटी मॅनेजरला बोलवावं लागलं तर वरची सगळी वाक्यं फुकट जातात, एवढं मी व्यवस्थापनाला सांगत असते.

कोथरूडचा_बाळू

हिशेबनीस, निकालाचं माहीत नव्हतं, मान्य. पण म्हणजे कोणीही "घेतलं नाही" म्हटलं की काढून टाकणार? मग सगळे तेच म्हणतील.

हिंजवडी_पाहुणा

नाही म्हणत. त्याच हॉटेलात पुन्हा जायचं असतं. काउंटरवरची मुलगी नावाने ओळखते, तिच्यासमोर काजूसाठी खोटं बोलायला माणूस लाजतो.

जुना_कारभारी

लाजतात ते बहुतेक, सगळे नाही. दर खेपेला नाकारणारेही असतात. त्यांच्यासाठी काउंटरवर वेगळं वाक्य नाही, तेच वाक्य आणि तेवढ्याच नम्रपणे. फरक पुढच्या खेपेला करायचा. पाहुण्याच्या नोंदीत 'मिनीबार नाकारला, रक्कम काढली' एवढंच लिहायचं, तारखेसकट. 'खोटारडा' वगैरे शेरे मी वाचलेत, ते कधी ना कधी पाहुण्याच्या नजरेस पडतात. दोनदा-तीनदा झालं की पुढच्या आरक्षणाला फ्रीज रिकामा करून ठेवायचा, आणि चेक-इनला सांगायचं, "तुमच्या सामानासाठी फ्रीज मोकळा ठेवलाय सर." कोणी विचारत नाही का ते.

दुसरा_मजला

कारभारी, नोंदीचं कारण वेगळं करायचा मुद्दा मी उद्याच्या मीटिंगमध्ये मांडते. वाक्यही चांगलं आहे. पण माझं पूर्ण समाधान झालेलं नाही, कारण हे सगळं काजूपुरतं ठीक.

छोट्या बाटल्यांचं काय? व्होडका पिऊन पाणी भरतात, व्हिस्कीत चहाचं पाणी. रंग तंतोतंत जुळतो. घाईच्या चेकआउटला मुलगी नुसती बाटल्या मोजते, त्या भरतात, ती 'पूर्ण' लिहिते. झाकणाखालची कडी तुटली आहे का हे प्रत्येक बाटली हातात घेऊन फिरवून बघावं लागतं, आणि एका मुलीला सकाळी किती खोल्या असतात हे काउंटरला माहीत नसतं. मग पुढचा पाहुणा ती उघडतो, चहा पितो, आणि बिलात व्हिस्की. तो खाली येऊन जे बोलतो त्याला तुमच्याकडे वाक्य आहे का?

काउंटरवरून

त्याला पहिलं वाक्य "तुम्हाला काही त्रास तर होत नाही ना?" हेच. त्याने बाटलीत काय होतं कोणास ठाऊक, अशी वस्तू प्यायलीय. बिलाचा विषय त्यानंतर, आणि तोही एका दमात: "ही बाटली बिलात नाहीच. मी ड्युटी मॅनेजरना आत्ता बोलावते, बाटली कृपया फेकू नका." इथे "चूक कोणाची ते बोलू नका" चालणार नाही. सील तुटलेली बाटली आम्ही ठेवली, ती आमचीच चूक, आणि तसंच सरळ म्हणायचं.

आधीच्या पाहुण्याकडून ते पैसे मागायचे का, यावर आमच्याकडेही एकमत नाही. माझं मत नको असं आहे. बाटली त्यानेच भरली हे आपण दाखवू शकत नाही. त्याच्या आधीच्यानेही भरली असेल.

हिशेबनीस

असहमत. कार्डावर होल्ड असताना चौकशीचा एक मेल तरी पाठवायला हवा, नाहीतर हे कधीच थांबणार नाही.

दुसरा_मजला

मेल पाठवा की नका पाठवू. मला चेक-इनच्या आधी बाटल्यांसाठी खोलीमागे दोन मिनिटं जास्त द्या, तेवढं मागते आहे.

मृद्गंधा

काउंटरवरून ताई, तुमचा प्रश्न जसाच्या तसा मेलमध्ये लिहून पाठवला. "साठा तपासून कळवतो" असं उत्तर आलंय. बघू.

नवा_शिकाऊ

मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे, सध्या एका हॉटेलात ट्रेनिंग. एक विचारायचं होतं. पाहुणे म्हणाले "नाही घेतलं", मी काढलं, आणि जाता जाता तेच म्हणाले, "अहो थांबा, चॉकलेट मुलीने घेतलं होतं वाटतं." तेव्हा काय म्हणायचं? परवा मी नुसता गोंधळून उभा राहिलो.

जुना_कारभारी

"आवडलं का तिला?" आणि पैसे घ्यायचे नाहीत. स्वतःहून त्यांनी पाकीट काढलंच, तर घ्यायचे.

काउंटरवरून

@नवा_शिकाऊ, घेतलेत तर पावती मात्र लगेच द्या. पक्कं बिल निघून गेलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याचं वेगळं छोटं बिल. नुसते ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका, संध्याकाळी कॅश जुळत नाही आणि ते कुठून आले हे तुम्हालाच आठवत नाही.